तीस सेकंदांत भाकरी

सोलापूरकडच्या एका काकूंना ज्वारीच्या भाकरीवर रील करायचं होतं. त्यांची भाकरी कागदासारखी पातळ होते आणि टम्म फुगते, त्यामुळे विषय पक्का होता. मजकूर त्यांनी स्वतःच लिहून आणला होता. सुरुवात अशी होती: ‘नमस्कार मैत्रिणींनो, माझ्या किचनमध्ये तुमचं मनापासून स्वागत आहे. आज आपण पाहणार आहोत ज्वारीची मऊ लुसलुशीत भाकरी कशी करायची.’ मी मोबाइलवर वेळ लावली आणि त्यांना तेवढंच वाचायला सांगितलं. आठ सेकंद गेले. तीसपैकी आठ संपले होते आणि भाकरीबद्दल अजून एकही नवी गोष्ट कळली नव्हती.

समोर बसलेला पाहुणा स्वागत संपेपर्यंत थांबतो. बसमध्ये अंगठ्याने पडदा सरकवणारा माणूस थांबत नाही, कारण तो आपल्याकडे आलेलाच नसतो. आपण त्याच्या वाटेत आलेलो असतो. म्हणून पहिल्या तीन सेकंदांत त्याला त्याच्याच घरातली अडचण दिसायला हवी. यालाच हुक म्हणतात. मोठ्याने ओरडणं किंवा ‘हे पाहून थक्क व्हाल’ असं म्हणणं म्हणजे हुक नव्हे. असलं वाक्य कोणत्याही रीलला चिकटवता येतं, म्हणून ते कोणालाच धरून ठेवत नाही.

मी काकूंना विचारलं, ‘भाकरी शिकायला येणाऱ्या मुली तुम्हाला पहिल्यांदा काय म्हणतात?’ त्या म्हणाल्या, ‘काठ फुटतात म्हणतात. आणि मग स्वतःच्या हाताला दोष देतात. खरं तर त्यांचं पाणी चुकलेलं असतं.’ हुक तिथेच मिळाला: ‘काठ फुटतात? चूक हाताची नाही, पाण्याची आहे.’ सात शब्द, तीन सेकंद. पहिल्या अर्ध्या वाक्यात पाहणारीची अडचण आहे, दुसऱ्यात तिने न अपेक्षिलेलं कारण आहे. ‘पाण्याची म्हणजे नेमकं काय?’ हा प्रश्न मागे उरतो आणि तोच तिला पुढे नेतो.

मराठीत लिहिताना इथे एक अडचण येते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, ‘नाही’सुद्धा शेवटी येतं. ‘ज्यांच्या भाकरीचे काठ थापताना नेहमी फुटतात त्यांनी पाण्याकडे लक्ष द्यायला हवं’ हे वाक्य व्याकरणाने ठीक आहे, पण त्याचा अर्थ लागेपर्यंत पाहणारी पुढच्या रीलवर गेलेली असते. उपाय एकच, वाक्यं आखूड ठेवायची. दोन-तीन शब्दांत क्रियापद आलं की अर्थही तिथेच पोचतो.

मग शब्दांचा हिशेब. आपण स्वच्छ, न घाईने बोललो तर मिनिटाला साधारण १३५ शब्द होतात, म्हणजे सेकंदाला सव्वादोन. प्रत्येकाचा वेग निराळा असतो, म्हणून एक मिनिट मोठ्याने वाचून आपला स्वतःचा आकडा काढावा. या हिशेबाने तीस सेकंदांत ६७ शब्द बसतात, पण ते सगळे वापरायचे नाहीत. श्वासाला जागा हवी, आणि भाकरी थापल्याचा आवाज कोणत्याही वाक्यापेक्षा चांगला लागतो. आम्ही पन्नास शब्दांवर थांबायचं ठरवलं.

पहिले तीन सेकंद: अगदी जवळून दिसणारी भाकरी, उचलताना काठाला तुटते. फुगलेली सुंदर भाकरी आधी दाखवावी असा काकूंचा आग्रह होता. पण ती आधी दाखवली की गोष्ट तिथेच संपते. तुटलेली भाकरी पाहून मात्र पुढे काय, असं वाटतं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘काठ का फुटतात?’ एवढंच लिहिलं, कारण पुष्कळ जण आवाज बंद ठेवून पाहतात. ही अक्षरं मधोमध किंवा थोडी वर ठेवावीत. खाली खात्याचं नाव आणि मजकूर येतो, उजवीकडे बटणं येतात, आणि अक्षरं त्यांच्याखाली दडतात.

तीन ते नऊ सेकंद: ‘ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नाही. गार पाण्यात मळलं, की पीठ धरून राहत नाही.’ पहिल्या खर्ड्यात इथे ग्लुटेन होतं, स्टार्च होता, गरम पाण्याने तो फुगून चिकट कसा होतो तेही होतं. सगळं खरं होतं. पण भाकरी करणारीला इथे फक्त कारण हवं असतं, त्याचं रसायन नव्हे. ते सारं रीलखालच्या मजकुरात गेलं.

नऊ ते अठरा: ‘एका भाकरीचं पीठ परातीत घ्या. मध्ये कढत पाणी घाला, चमच्याने कालवा. हाताला सोसेल इतकं निवलं, की तळहाताने रगडून मळा.’ मी ‘कोमट झाल्यावर’ असं लिहिलं होतं. ‘हाताला सोसेल इतकं’ हे काकूंचं. शब्द वाढले, पण कोमट म्हणजे किती हा प्रश्न मिटला, म्हणून ते ठेवले. चित्र मात्र क्रियापदावर बदललं: ‘घाला’ म्हणताना पाणी पडतं, ‘कालवा’ म्हणताना चमचा फिरतो. ‘आता आपण काय करायचं, तर’ ही बोलण्यातली सवय तीन ठिकाणी होती. ती काढल्यावर जवळजवळ सात सेकंद मोकळे झाले.

पुढचे पाच सेकंद कोणी बोलत नाही. थापण्याची थपथप, तव्यावर पडलेली भाकरी, वरून फिरवलेलं पाणी, मग फुगणं. फुगताना दिसतं आहे तिथे ‘पाहा, कशी फुगली’ हे म्हणायची गरज नाही.

शेवटचे सात: ‘तरीही फुटली, तर पीठ जुनं आहे. विरी गेलेल्या पिठाची उकडच काढावी लागते.’ हुकने पाण्याला दोष दिला होता. पण जुन्या पिठाला फक्त कढत पाणी पुरत नाही हेही खरं, आणि ते न सांगणं फसवणूक झाली असती. ‘आवडलं तर लाइक करा’ काढून टाकलं. काकूंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि रील तिथेच संपलं. मोडलेल्या भाकरीवरून ते पुन्हा पहिल्या, तुटणाऱ्या भाकरीवर जातं, त्यामुळे सांधा जाणवत नाही.

रील टाकल्यावर कोणत्या सेकंदाला किती जण टिकले याचा आलेख दिसतो. पहिल्या तीन सेकंदांत रेघ कड्यासारखी कोसळली तर हुक किंवा पहिलं चित्र चुकलं. सुरुवात तरली आणि नवव्या सेकंदाजवळ घसरण झाली तर कारण सांगण्यात आपण रेंगाळलो. शेवटच्या एक-दोन सेकंदांत रेघ खाली येतेच, त्याची काळजी करू नये. दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

काकूंना याच रीलमध्ये थापायचं कसं हेही सांगायचं होतं. बोटांचा दाब, परात फिरवायची लय, पीठ पसरायचं प्रमाण. मी नाही म्हटलं. हाताची ती हालचाल पाच सेकंदांत दिसते, पण शिकता येत नाही. तिच्यासाठी दुसरं रील लिहायला घेतलं आहे. त्याचा हुक अजून सापडलेला नाही. काकूंकडे शिकणारी नवी मुलगी सोमवारी येणार आहे. ती पहिल्यांदा काय विचारते ते लिहून ठेवायला मी काकूंना सांगितलं आहे.