ळ किती शब्दांचं ओझं वाहतो?

मराठीतला ‘ळ’ उद्यापासून नाहीसा झाला आणि त्याच्या जागी सगळीकडे ‘ल’ आला, तर नेमकं काय बिघडेल? भाषेच्या अस्मितेचा मुद्दा थोडा वेळ बाजूला ठेवू. भाषाशास्त्रज्ञ या प्रश्नाचं उत्तर मोजून देतात. दोन ध्वनींमधला फरक पुसला गेला, तर किती शब्द एकमेकांत मिसळतील, याची ते मोजदाद करतात. त्या फरकावर असे जितके शब्द अवलंबून असतील, तितका त्याचा कार्यभार मोठा.

या मोजणीचं एकक म्हणजे लघुतम जोडी. फक्त एका जागी एकच ध्वनी वेगळा आणि बाकी सगळं सारखं, असे दोन शब्द. एखाद्या भाषेतल्या सगळ्या जोड्या शोधायला उच्चारकोश आणि संगणक लागतो, पण छोटा तुकडा घेऊन ही रीत वहीवरही करून पाहता येते. आपण साचा ठरवू: एक व्यंजन, त्याला आकार आणि शेवटी ल किंवा ळ. आता क पासून वर्णमालेत पुढे जायचं. काल–काळ, गाल–गाळ, चाल–चाळ, डाल–डाळ (कोंबड्या झाकायची ती डाल), ढाल–ढाळ, ताल–ताळ, नाल–नाळ, पाल–पाळ (कानाची), माल–माळ, लाल–लाळ, साल–साळ. शाल एकटीच राहते आणि राळही एकटीच. क्रियापदांची रूपं वगळूनही अकरा जोड्या मिळाल्या, तेही एवढ्याशा साच्यात. वेल–वेळ, मूल–मूळ, ओल–ओळ, शील–शीळ, कला–कळा हे सगळे अजून बाहेरच आहेत. ळ भरपूर काम करतो, यात शंका नाही.

आता दुसरा फरक घ्या. ‘चार माणसं’ मधला च आणि ‘गुरं चार’ मधला च हे वेगळे ध्वनी आहेत. ‘जरा थांब’ मधला ज आणि म्हातारपण या अर्थाच्या ‘जरा’ मधला ज हेही वेगळे. जन्मापासून मराठी बोलणारा यात चुकत नाही आणि परक्या माणसाने चूक केली की ती लगेच खटकते. तरीही अशा जोड्या आठवायला बसलं, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या सापडायलाही वेळ लागतो. म्हणजे कानाला ठसठशीत जाणवणारा फरक शब्द वेगळे ठेवण्याच्या कामात फारसा नसू शकतो. या दोन गोष्टी एकच नव्हेत.

याच उदाहरणात मोजणीतला मोठा खड्डाही दिसतो. दोन्ही च आपण एकाच अक्षराने लिहितो. त्यामुळे कुणी छापील मजकूर संगणकात घालून जोड्या मोजल्या, तर या फरकाचा कार्यभार शून्य निघेल. उलट ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ या जोड्या तो इमानाने नोंदवेल, जरी रोजच्या बोलण्यात बहुतेक जण त्या सारख्याच उच्चारत असले तरी. अस्सल मराठी शब्दांत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घपणा बहुतेक जागेवरूनच ठरतो: मीठ पण मिठाचा, फूल पण फुलाचा. त्यामुळे त्यावर शब्द वेगळे ठेवायची पाळी क्वचितच येते. शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घ इतकं छळतं, त्याचं एक कारण मला इथेच दिसतं. कान जे वेगळं करत नाही, ते डोळ्यांनी पाठ करावं लागतं.

मोजणीची खरी गंमत जोड्यांचं वजन ठरवताना येते. ‘केली’ आणि ‘केळी’ ही जोडी आहे खरी, पण एक क्रियापद, दुसरं नाम. ‘तिने भाजी केली’ या वाक्यात केळी शिरण्याचा प्रश्नच येत नाही. ‘माल’ आणि ‘माळ’ दोन्ही नामं, पण इथे लिंग मदतीला येतं: माल आणला, माळ आणली. ळ ऐकू आला नाही तरी क्रियापद सांगून टाकतं. ‘चाल’ आणि ‘चाळ’ मात्र दोन्ही स्त्रीलिंगी. ‘त्यांनी चाल बदलली’ आणि ‘त्यांनी चाळ बदलली’ या दोन वाक्यांत अर्थाचा सगळा भार त्या एका ध्वनीवर आहे. माझ्या मते अशी एक जोडी ‘केली–केळी’सारख्या दहा जोड्यांना भारी आहे.

हा सगळा खटाटोप कशासाठी? प्राग येथील भाषाशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही कल्पना मांडली आणि फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंद्रे मार्तिने यांनी तिला इतिहासाशी जोडलं. त्यांचं म्हणणं असं, की ज्या फरकावर थोडे शब्द अवलंबून असतात, तो फरक भाषा सहज सोडून देते. मार्तिने यांना उच्चारांची आस्था इतकी, की 1941 मध्ये जर्मनीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत असताना त्यांनी सोबतच्या 409 फ्रेंच अधिकाऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि कोण कोणते ध्वनी वेगळे ठेवतो, ते नोंदवलं. फ्रेंचमध्ये ‘ब्रँ’सारखे ऐकू येणारे दोन शब्द आहेत, एकाचा अर्थ गवताची काडी, दुसऱ्याचा तपकिरी. त्यांतले अनुनासिक स्वर पूर्वी वेगळे होते. त्या फरकावर फार थोड्या जोड्या अवलंबून होत्या आणि पॅरिसच्या बोलीत तो आता पुसला गेला आहे.

एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही. 1967 मध्ये रॉबर्ट किंग यांनी जर्मानिक कुळातल्या भाषांचा इतिहास तपासला, तेव्हा त्यांना या कल्पनेला आधार मिळाला नाही आणि विषय बराच काळ थंड पडला. 2013 मध्ये अँड्रू वेडेल आणि सहकाऱ्यांनी अनेक भाषांत एकरूप झालेल्या ध्वनींची तुलना न झालेल्यांशी केली. जोड्या जितक्या जास्त, तितकी ध्वनी एकरूप होण्याची शक्यता कमी, असं त्यांना दिसलं. एकाच शब्दजातीच्या जोड्यांचा प्रभाव अधिक होता, म्हणजे ‘चाल–चाळ’ सारख्यांचा.

आपल्याकडे हे पडताळायला बोली आहेत. वऱ्हाडीत बऱ्याच ठिकाणी ळ चा य होतो: डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. म्हणजे तिथे ळ गेला, पण तो ल मध्ये मिसळला नाही. मघाचाच साचा घेऊन ळ आणि य च्या जोड्या मोजा: काळ–काय, गाळ–गाय, पाळ–पाय, माळ–माय, साळ–साय. अकराच्या जागी पाच, आणि त्यातही ‘काळ’ नाम तर ‘काय’ प्रश्नार्थक. कमी नुकसानीची वाट निवडली गेली, असं म्हणायचा मोह होतो. पण ळ आणि य उच्चारायला जवळचे होते म्हणूनही हे झालं असेल. एका साच्यावरून कारण ठरवता येणार नाही.

शिवाय आगरी-कोळी बोलींत ळ सरळ ल होतो, डोळे म्हणजे डोले. तिथे त्या अकराही जोड्या एकत्र आल्या आहेत आणि बोलणाऱ्यांचं काही अडत नाही, कारण लिंग, प्रसंग आणि आजूबाजूचे शब्द काम सांभाळतात. वेडेल यांचा निष्कर्ष शक्यतेपुरताच आहे: कार्यभार मोठा असला तर फरक टिकण्याची शक्यता वाढते, टिकेलच असं नाही. वऱ्हाडी आणि आगरी यांच्यात हा फरक कसा पडला, हे सांगायचं तर एका साच्याऐवजी दोन्ही बोलींचं प्रत्यक्ष बोलणं ध्वनिमुद्रित करून, उच्चार जसा ऐकू येतो तसा लिहून, त्यातल्या जोड्या मोजाव्या लागतील.