ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या प्रमाणपत्रांची ग्राह्यता व पडताळणी : खान्देशातील महाविद्यालयांच्या संदर्भात

प्रस्तावना :

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयांत पदवीच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी नोकरीच्या अर्जासोबत ऑनलाइन अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे जोडू लागले आहेत. 'हे प्रमाणपत्र चालेल का?' असा प्रश्न ते प्राध्यापकांना विचारतात. वस्तुतः या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. प्रमाणपत्र खरे आहे काय, हा पहिला आणि ते त्या विशिष्ट पदासाठी ग्राह्य आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे मिळते, तर दुसऱ्याचे उत्तर नियुक्ती करणाऱ्याच्या जाहिरातीत व नियमांत असते. या दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळेच विद्यार्थ्यांचे नुकसान होते. प्रस्तुत लेखात या दोहोंचा स्वतंत्रपणे विचार केला आहे.

प्रमाणपत्राचे स्वरूप :

सर्वच प्रमाणपत्रे एका तोलाची नसतात. युडेमीसारख्या व्यासपीठावर अभ्यासक्रमातील सर्व पाठ पूर्ण केल्यावर प्रमाणपत्र मिळते. त्यासाठी देखरेखीखालील परीक्षा नसते. कोर्सेराच्या पडताळणीयोग्य प्रमाणपत्रावर व्यक्तीची ओळख व तिचा सहभाग यांची खात्री केल्याचा उल्लेख असतो. परंतु त्या अभ्यासक्रमातील चाचण्या विद्यार्थी सामान्यतः घरी बसूनच देतो. याउलट, एनपीटेलच्या प्रमाणपत्रासाठी ठरलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन पर्यवेक्षकासमोर परीक्षा द्यावी लागते. अभ्यासक्रमात नाव नोंदविणे विनामूल्य असले, तरी परीक्षेसाठी स्वतंत्र नोंदणी व शुल्क आवश्यक असते. म्हणजे केवळ व्याख्याने ऐकलेल्या विद्यार्थ्याला हे प्रमाणपत्र मिळत नाही. नियुक्ती करणाऱ्याला 'पूर्ण केले' आणि 'उत्तीर्ण झाला' यांतील हा भेद समजणे महत्त्वाचे ठरते.

ग्राह्यता कोण ठरवितो? :

उदाहरणादाखल एका कल्पित विद्यार्थ्याचा विचार करू. धुळ्यातील एका विज्ञान पदवीधराने एनपीटेलचा बारा आठवड्यांचा संगणक-प्रोग्रामिंगचा अभ्यासक्रम उत्तीर्ण केला आहे. तो दोन ठिकाणी अर्ज करतो. एक अर्ज जिल्हा परिषदेतील लिपिकवर्गीय पदासाठी व दुसरा जळगावातील ठिबक सिंचन साहित्याच्या कारखान्यातील संगणकीय नोंदींच्या कामासाठी.

राज्य शासनाच्या सेवेतील संगणक अर्हतेसाठी ४ फेब्रुवारी २०१३ चा शासन निर्णय आधारभूत मानला जातो. त्यात पूर्वीच्या डीओईएसीसी (आताच्या नायलिट) संस्थेच्या सीसीसी अथवा ओ, ए, बी, सी या स्तरांच्या परीक्षा, किंवा एमएस-सीआयटी यांचा उल्लेख आहे. जाहिरातीत हीच अट असेल, तर आयआयटीच्या प्राध्यापकाने शिकविलेल्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र त्या अटीची पूर्तता करीत नाही. विषय अधिक कठीण आहे किंवा संस्था अधिक नामांकित आहे, हा युक्तिवाद कागदपत्र-छाननीत उपयोगी पडत नाही. छाननी करणाऱ्या अधिकाऱ्यास यादीबाहेर जाण्याचा अधिकार नसतो. म्हणून नंतरचे आदेश व त्या-त्या जाहिरातीतील शब्दरचना विद्यार्थ्याने काळजीपूर्वक वाचणे अगत्याचे आहे.

खाजगी कारखान्यावर असे बंधन नाही. तेथे व्यवस्थापक स्वतः निर्णय घेतो आणि बहुधा प्रमाणपत्र पाहून मुलाखतीत त्याच विषयावर प्रश्न विचारतो. तेथे प्रमाणपत्र हा संभाषणाचा आरंभ असतो, हक्क नव्हे.

या दोहोंच्या मध्ये तिसरा मार्ग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार, एखाद्या सत्रातील कमाल ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्' व्यासपीठावरून करून त्यांचे श्रेयांक घेण्यास संस्था मान्यता देऊ शकते. असे श्रेयांक विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत समाविष्ट झाले, की ते सुट्या प्रमाणपत्रावर अवलंबून राहत नाहीत, तर पदवीचाच भाग बनतात. मात्र ही मान्यता अभ्यासक्रम सुरू करण्यापूर्वीच घ्यावी. प्राध्यापकांच्या बाबतीतही हेच तत्त्व दिसते. २०१८ च्या विनियमांत कारकीर्द प्रगतीसाठी ई-प्रमाणपत्रासह पूर्ण केलेल्या 'मूक' अभ्यासक्रमाचा स्पष्ट उल्लेख आल्यामुळेच तो ग्राह्य धरता आला.

पडताळणीची पद्धत :

महाविद्यालयांत साक्षांकित प्रतीला मान आहे. परंतु ई-प्रमाणपत्राच्या बाबतीत साक्षांकन निरुपयोगी ठरते. साक्षांकन करणारा 'ही प्रत मुळाबरहुकूम आहे' एवढेच सांगतो आणि येथे त्याच्यासमोर ठेवलेले 'मूळ' हेच एक छापील पान असते. एनपीटेल केवळ ई-प्रमाणपत्र देते, छापील प्रत टपालाने पाठवीत नाही. पीडीएफमधील आकडा बदलून ते पुन्हा छापणे अवघड नाही. म्हणून खरे मूळ हे संस्थेच्या संकेतस्थळावरील नोंद होय आणि तिच्याशीच ताडून पाहिले पाहिजे.

एनपीटेलच्या प्रमाणपत्राची पडताळणी nptel.ac.in/noc येथे करता येते. पडताळणी करणाऱ्याने पत्ता शक्यतो स्वतः टंकित करावा. प्रमाणपत्रावरील क्यूआर संकेत वापरल्यास उघडलेल्या पानाचा पत्ता आधी वाचावा, कारण बनावट प्रमाणपत्रावरील संकेत तशाच दिसणाऱ्या बनावट पानाकडे नेऊ शकतो. त्यानंतर नाव, छायाचित्र, अभ्यासक्रम, सत्र व गुण यांची एकेक करून तुलना करावी. केवळ 'पान उघडले' म्हणजे पडताळणी झाली, असे नव्हे. दुसऱ्याच्या खऱ्या प्रमाणपत्राचा क्रमांक वापरलेला असू शकतो. कोर्सेराच्या प्रमाणपत्रावर coursera.org/verify ने सुरू होणारा दुवा असतो व तेथेही याच रीतीने तुलना करावी.

संकेतस्थळ उघडण्यापूर्वी एक साधा हिशेबही उपयोगी पडतो. एनपीटेलमध्ये स्वाध्यायांना २५ व परीक्षेला ७५ गुण असतात. स्वाध्यायांत किमान १० व परीक्षेत किमान ३० गुण, अशा दोन्ही अटी स्वतंत्रपणे पूर्ण झाल्या तरच प्रमाणपत्र मिळते. समजा, वरील विद्यार्थ्याच्या स्पर्धकाने स्वाध्याय २४, परीक्षा २८ व एकूण ५२ असे प्रमाणपत्र सादर केले. बेरीज बरोबर आहे, एकूण गुणही ४० पेक्षा अधिक आहेत. तरीही परीक्षेत ३० पेक्षा कमी गुण असल्याने असे प्रमाणपत्र दिलेच जात नाही. दुसऱ्या एकाच्या कागदावर २३ व ३६ असे घटकगुण असून एकूण ८६ छापले असतील, तर खरी बेरीज ५९ येते. येथे केवळ एकूण आकडा बदललेला असावा, अशी शंका घेण्यास जागा आहे. अर्थात, हिशेबाने केवळ संशय निर्माण होतो, अंतिम निर्णय संस्थेच्या नोंदीवरूनच घ्यावा. हे प्रमाण एनपीटेलचे आहे. 'स्वयम्'वरील अन्य समन्वयक संस्थांची गुणविभागणी वेगळी असू शकते.

डिजिलॉकरमधील कागदपत्रांबाबतही एक भेद ध्यानात ठेवावा. संस्थेने थेट 'निर्गमित' केलेला दस्तऐवज २०१७ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार मूळ कागदपत्राच्या बरोबरीचा मानला जातो. विद्यार्थ्याने स्वतः 'अपलोड' केलेल्या चित्रप्रतीला तो दर्जा नाही.

नावातील तफावत ही मात्र लबाडी असेलच असे नाही. प्रमाणपत्रावर नोंदणीच्या वेळी भरलेले नाव छापले जाते. आडनाव न लिहिल्याने किंवा विवाहानंतर नाव बदलल्याने दहावीच्या प्रमाणपत्राशी फरक पडतो. नोंदणीच्या वेळीच शालान्त प्रमाणपत्रानुसार नाव भरण्याची सूचना महाविद्यालयाने दिल्यास ही अडचण टळते.

निष्कर्ष :

पडताळणीतून प्रमाणपत्राचा खरेपणा सिद्ध होतो, ग्राह्यता नव्हे आणि ग्राह्यता असली तरी कौशल्य सिद्ध होतेच असेही नाही. म्हणून विद्यार्थ्याने अभ्यासक्रम निवडतानाच लक्ष्य असलेल्या पदाची जाहिरात वाचावी आणि अर्जात छापील प्रतीसोबत पडताळणीचा दुवा व क्रमांक द्यावा. महाविद्यालयाच्या रोजगार कक्षाने प्रमाणपत्रावर शिक्का मारण्याऐवजी, 'अमुक दिनांकास संस्थेच्या संकेतस्थळावरील नोंदीशी ताडून पाहिले' अशी नोंद ठेवावी. नियुक्ती करणाऱ्यास त्या शिक्क्यापेक्षा ही नोंद अधिक उपयोगाची ठरेल.