पॅकचे चारही दिवे हिरवे, तरी सेल्फ नुसती टकटक

हातात मावेल एवढा जम्प स्टार्टर आता काही हजारांत मिळतो, आणि बरेच जण तो डिकीत टाकून निर्धास्त होतात. मग एखाद्या सकाळी बॅटरी उतरलेली असते. पॅकचे चारही दिवे लागलेले, चिमटे लावलेले, आणि किल्ली फिरवली की बॉनेटखालून फक्त टकटकटक. खोक्यावर ‘1000 अँपिअर’ छापलेलं असतं, त्यामुळे माणूस पहिला संशय गाडीवर घेतो, दुसरा दुकानदारावर. दोष बहुतेक वेळा या दोघांच्या मधल्या दोन वितींत असतो.

एक साधा हिशेब मांडून पाहू. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना साधारण 100 ते 200 अँपिअर ओढतो. डिझेलला याहून बराच जास्त प्रवाह लागतो. आपण 150 धरू. चिमटा आणि टर्मिनल यांच्या मध्ये धूळ, गंज किंवा रंगाचा थर असेल आणि त्याचा विरोध फक्त 0.02 ओहम असेल, तर तिथेच 150 गुणिले 0.02 म्हणजे 3 व्होल्ट खर्ची पडतात. भाराखाली पॅक 11 व्होल्ट देत असला तरी सेल्फपर्यंत पोचतात 8. तेवढ्यावर सेल्फच्या डोक्यावरचा सोलेनॉइड आत ओढला जातो, मोटरचा भार पडताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, भार गेल्यावर व्होल्टेज परत वर येतं आणि तो पुन्हा ओढला जातो. ती टकटक या ओढाताणीची असते. 0.02 ओहमने घरातला बल्ब किंचितही मंद होणार नाही. इथे मात्र गाडी जागची हलत नाही.

आमच्या सोसायटीत दिवाळीनंतर हेच झालं. तीन आठवडे उभी असलेली हॅचबॅक, पॅक फुल चार्ज, आणि सेल्फची टकटक. पॅक बोगस आहे असं ठरवून काका तो परत करायला निघाले होते. इलेक्ट्रिशियन आला. त्याने मल्टीमीटरचा एक तार लाल चिमट्याच्या दातांना, दुसरा गाडीच्या जाड केबलच्या लगला टेकवला आणि म्हणाला, “काका, आता मारा सेल्फ.” काट्याच्या जागी आकडा उमटला: अडीच व्होल्ट. चांगल्या जोडणीत हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा. चिमटा लागला होता टर्मिनलच्या नटावर, तोही पांढऱ्या-हिरव्या भुकटीवर. “पॅकला काय झालंय? पकडच नाही ना,” एवढंच तो बोलला. पॉलिश पेपरने लग घासला, चिमटा त्याच्या कडेवर आडवा बसवून दोनदा डावी-उजवीकडे फिरवला, म्हणजे दात धातूत रुतावेत. दुसऱ्या प्रयत्नात गाडी चालू झाली.

त्याने चिमटा बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर न लावता लगवर लावला, हे लक्षात घेण्यासारखं आहे. गंज बहुधा खुंट आणि लग यांच्या मधल्या फटीत धरतो. चिमटा खुंटावर असेल तर पॅकचा सगळा प्रवाह त्याच गंजातून गाडीकडे जातो. लगवर असेल तर तो थेट सेल्फच्या केबलमध्ये उतरतो.

स्वस्त चिमट्यांची आणखी एक खोड असते. दोन जबड्यांपैकी एकालाच तार जोडलेली असते. दुसऱ्या जबड्याला प्रवाह मधल्या खिळ्यातून किंवा स्प्रिंगमधून मिळतो, म्हणजे जवळपास मिळतच नाही. तारेचा जबडा ओळखून तोच धातूला नीट भिडवायचा. काळा चिमटा इंजिनच्या उघड्या धातूवर की बॅटरीच्या ऋण टोकावर, हे पॅकच्या पुस्तिकेप्रमाणे करावं. पण रंगवलेल्या पत्र्यावर कधीच नाही. आणि पॅकमध्ये जाणारा जाड प्लग शेवटपर्यंत दाबून बसवावा. तो मुद्दामच घट्ट असतो, त्यामुळे अर्धवट बसला तरी बसल्यासारखा वाटतो. सेल्फ मारल्यावर तो हाताला गरम लागला तर समजावं.

चिमट्यांच्या तारेवरची छोटी डबी आधी बॅटरीचं व्होल्टेज चाचपते आणि मगच वाट मोकळी करते. बॅटरी पार मेलेली असेल तर डबीला काहीच जाणवत नाही आणि हिरवा दिवा लागत नाही. त्यासाठी ‘बूस्ट’चं बटण असतं. ते दाबलं की उलट्या जोडणीपासूनचं संरक्षणही बहुधा बंद होतं, म्हणून आधी लाल-काळं दोनदा पाहून घ्यावं.

आता पॅकच्या आतलं. साधारण तीन लिथियम सेल एकामागे एक, पूर्ण भरल्यावर 12.6 व्होल्ट. खोक्यावरचे 12000 मिलिअँपिअर-अवर एका सेलच्या 3.7 व्होल्टने मोजलेले असतात. म्हणजे सुमारे 44 वॅट-अवर, आणि तिन्ही सेलच्या एकत्रित व्होल्टेजला जेमतेम 4 अँपिअर-अवर. तरी ते पुरतं. 150 अँपिअरने तीन सेकंद सेल्फ मारला तर सव्वाशे मिलिअँपिअर-अवरच जातात. प्रश्न साठ्याचा नाही, तो एका दमात देण्याचा आहे. सेल म्हातारे झाले की त्यांचा आतला विरोध वाढतो. पुढचे चार दिवे मात्र पॅक निवांत असतानाचं व्होल्टेज दाखवतात, त्यामुळे थकलेला पॅकही चार दिवे दाखवतो आणि भार पडताच कोसळतो.

सेलना सर्वांत लवकर म्हातारं करणाऱ्या गोष्टी दोन: उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था. मे महिन्यात नागपूरला उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड सहज साठ अंशांपुढे जातो, आणि पॅक तिथेच फुल चार्ज ठेवलेला असतो. अडचण अशी की अर्ध्याहून कमी चार्जवर बरेच पॅक सेल्फला दाद देत नाहीत, म्हणून रिकामा ठेवणंही परवडत नाही. माझ्या मते उन्हाळ्यात पॅक घरी ठेवावा आणि निघताना बॅगेत टाकावा, जसा आपण मोबाइल नेतो. दर दोन-तीन महिन्यांनी, आणि त्यावर फोन चार्ज केला असेल तर त्याच रात्री, तो पुन्हा भरावा. 10 वॅटच्या चार्जरवर त्याला पाच तासांहून जास्त लागतात. तासाभराचं टॉपअप म्हणजे फसवणूक. काही पॅक दोन्ही टोकांना सी-टाइप पिन असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत, कारण समोरच्या चार्जरला ओळख पटवणारे रेझिस्टर त्यांत बसवलेले नसतात. रात्रभर लावूनही दिवे हलले नाहीत तर जुनी, चपट्या यूएसबी टोकाची केबल वापरून पाहावी. पॅकचं पोट फुगलेलं दिसलं तर मात्र चार्जिंगला लावूच नये, ई-कचऱ्यात द्यावा.

एवढं करूनही सेल्फ मंदच फिरत असेल, तर बॅटरीतला एखादा सेल आतून शॉर्ट झालेला असू शकतो. मग पॅकचा बराचसा प्रवाह तीच गिळते. आणि सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर पॅकचा काही संबंध नाही. इंधन किंवा इमोबिलायझर तपासावा. एका वेळी तीन-चार सेकंदच सेल्फ मारावा, मध्ये अर्धा मिनिट थांबावं, आणि तीन प्रयत्नांनंतर पॅकला विश्रांती द्यावी. गाडी चालू झाली की अर्ध्या मिनिटात चिमटे काढावेत: अल्टरनेटर 14 व्होल्टच्या आसपास देत असतो, पॅकची झेप 12.6, आणि उलटा प्रवाह अडवणारी सोय स्वस्त डबीत असेलच असं नाही. गरम पॅक लगेच चार्जिंगला लावू नये. अर्ध्या तासाने लावावा.