रात्री सव्वादहाची काचेची नळी

साप चावलेल्या माणसाचं रक्त गोठतंय की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. नवी, कोरडी काचेची नळी लागते आणि वीस मिनिटांचा धीर. दोन मिलिलिटर रक्त नळीत घ्यायचं, नळी अजिबात न हलवता उभी ठेवायची आणि वीस मिनिटांनी एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाच्या विषाने गोठण्याचे घटक संपवलेत असं समजायचं. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानेच गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत चांगलं रक्तही आपल्याला फसवतं.

जोयडा तालुक्याच्या जंगलपट्ट्यात, काळी नदीच्या खोऱ्यात, साप ही नवलाची गोष्ट नाही. समजा, दुपारी शेतावर पायाला साप चावलेला एक कुणबी गडी तालुक्याच्या दवाखान्यात पोचला. नळीतलं रक्त गोठलं नाही, म्हणून सव्वाचारला प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाईनमधून सुरू झाल्या आणि तासाभरात संपल्या. प्रतिविष विषाला निकामी करतं. संपलेले घटक मात्र ते भरून देत नाही. ते नव्याने बनवायचं काम यकृताचं, आणि त्याला साधारण सहा तास लागतात. म्हणून पुढची नळी रात्री सव्वादहाला.

आता गंमत बघा. आपल्या अनेक सरकारी रुग्णालयांत दिवसाची ड्यूटीही सहा तासांची असते: आठ ते दोन, दोन ते आठ. म्हणजे ज्या सिस्टरने दिवसा प्रतिविष लावलं, ती नळी तिरकी करायला जवळजवळ कधीच हजर नसते! यकृताचं घड्याळ आणि ड्यूटीचं घड्याळ असं एकमेकांना चुकवतं. मध्ये उरतात रात्री आठच्या सुमाराची, जाणारीने येणारीला माहिती द्यायची दोन-तीन मिनिटं.

या मिनिटांत किती गळतं, हे ब्रिटनमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात दिसलं. १२ काल्पनिक रुग्णांची माहिती पाच वेळा एकाकडून दुसऱ्याकडे दिली. नुसती तोंडी माहिती तिसऱ्या फेरीपर्यंत पार नाहीशी झाली. ऐकताना टिपणं घेतली, तरी पाचव्या फेरीनंतर ३१ टक्केच उरली. आधी छापलेला कागद हातात दिला, तेव्हा जवळपास सगळी टिकली. मला यात धक्का बसतो तो टिपणांचा आकडा पाहून. लिहून घेतलं की झालं, असंच आपण धरून चालतो.

म्हणून प्रशिक्षणात मी दोन गोष्टी एकत्र सांगेन: हातात कागद, आणि तोंडात पाच प्रश्न. कोण? काय झालं? किती दिलं? पुढचं कधी? बिघडलं तर काय? हे बोलायचं ते टेबलाशी नव्हे, खाटेशी. ते असं:

‘सिस्टर, खाट चार, गंभीर. उजव्या पायाला साप, नळी गोठली नव्हती.’

‘प्रतिविष किती?’

‘दहा कुप्या, सव्वाचारला सुरू, सव्वापाचला संपल्या. रिअ‍ॅक्शन नाही. सूज इथवर, ही पेनाची रेघ बघा, सातची. लघवी कमी आहे, मोजून ठेवा. पुढची नळी सव्वादहाला. गोठलं नाही, किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर लगेच डॉक्टरांना उठवा. स्नायूत इंजेक्शन नको.’

‘म्हणजे खाट चार, दहा कुप्या सव्वाचारला, रेघ घोट्याच्या वर चार बोटं, लघवी मोजायची, नळी सव्वाअकराला…’

‘सव्वादहाला.’

‘सव्वादहाला. गोठलं नाही किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर डॉक्टरांना उठवायचं. इंजेक्शन स्नायूत नाही.’

चूक सापडली ती शेवटच्या उजळणीत. ऐकणारीने मान डोलावली असती, तर ती चूक वॉर्डातच राहिली असती. अमेरिकी रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या ‘आय-पास’ या पद्धतीतही शेवटची पायरी हीच: घेणाऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगायचं. नऊ रुग्णालयांतल्या निवासी डॉक्टरांवर केलेल्या २०१४ च्या अभ्यासात ती पद्धत शिकवल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या.

पेनाच्या रेघेचं मला विशेष वाटतं. ‘सूज वाढली आहे’ याला अर्थ नाही, कशापेक्षा वाढली? रेघ आणि वेळ त्वचेवरच लिहिली की ती कुठल्याही भाषेत वाचता येते, आणि जोयड्यात हे सोयीचं आहे: केसपेपर इंग्रजीत, नर्स कन्नड, रुग्णाची माणसं कोकणी-मराठी.

पण पाच प्रश्नांनाही मर्यादा आहे. मध्येच बाळंतीण आली, फोन वाजला, कुणी चावी मागितली, की साखळी तुटते. तेव्हा तुटल्या जागेपासून नव्हे, ‘कोण?’पासून पुन्हा सुरुवात करावी. वेळ लागतो, हे खरं. आणि फुरशासारखाच दिसणारा, पश्चिम घाटातला नाकेरी चापडा चावला असेल, तर आपल्याकडचं प्रतिविष त्यावर चालत नाही; मग नळी पुन्हा पुन्हा वाहती राहते. कारण बदललं, हेही पुढच्या सिस्टरच्या कानावर घालायला हवं, नाहीतर ती आणखी कुप्या मागवत बसेल.

आपलं माणूस दवाखान्यात असेल, तर रात्री आठला खाटेशी उभे राहा आणि नव्या सिस्टरना एवढंच विचारा: ‘ताई, पुढची तपासणी किती वाजता?’