पुस्तक समोर, उत्तर चार पानांवर

कायद्याची पदवी हाती आली आणि सनदही मिळाली, तरी वकिली चालू ठेवायला आणखी एक परीक्षा पास व्हावी लागते. बार कौन्सिल ऑफ इंडियाची ही ऑल इंडिया बार एक्झामिनेशन. साडेतीन तासांत शंभर बहुपर्यायी प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि कायद्याची पुस्तकं सोबत न्यायला मुभा असते. ती मात्र टिपणं किंवा भाष्य नसलेली, कोरी. ‘पुस्तक आहे ना, मग काय!’ असं म्हणत अनेक जण ऐन आठवड्यात पुस्तकं विकत घेतात आणि तिथेच फसतात.

जुन्या प्रश्नपत्रिका काढून बसलं की कारण कळतं. अमुक गोष्ट कोणत्या कलमात आहे, असे सरळ प्रश्न त्यात असतातच. ते पुस्तकात मिनिटभरात सापडतात. पण काही प्रश्नांत एक घटना सांगितलेली असते आणि कलमाचं नावही नसतं. कुठे शोधायचं, हे आधी ओळखावं लागतं.

मुदतीच्या कायद्याचं एक उदाहरण घेऊ. दिवाणी न्यायाधीशाने ३ मार्च २०२२ रोजी हुकूमनामा दिला. हरलेल्या पक्षकाराने १० मार्चला नकलेसाठी अर्ज केला आणि नक्कल २४ मार्चला तयार झाली. जिल्हा न्यायालयात अपील दाखल करायचा शेवटचा दिवस कोणता? पर्याय चार: २ एप्रिल, ४ एप्रिल, १७ एप्रिल, १८ एप्रिल.

ज्याने पुस्तक फक्त चाळलंय तो मागच्या अनुसूचीत जातो. अनुच्छेद ११६ म्हणतो की जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला तीस दिवस. ३ मार्च सोडून मोजलं की तिसावा दिवस येतो २ एप्रिल. उत्तर पर्यायांत आहे, म्हणून तो खूण करून पुढे सरकतो. थोडा सावध विद्यार्थी म्हणेल, २ एप्रिलला शनिवार आणि गुढीपाडवा, दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून ४ एप्रिल. त्याला कलम ४ आठवलं: न्यायालय बंद असेल तर ते उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं. तरीही उत्तर चूक.

कारण कलम १२ राहिलं. नक्कल मिळवायला लागलेला वेळ मुदतीतून वगळतात. १० ते २४ मार्च, दोन्ही दिवस धरून पंधरा. २ एप्रिलमध्ये पंधरा मिळवले की १७ एप्रिल. तो रविवार. आता कलम ४ लागतं आणि उत्तर येतं सोमवार, १८ एप्रिल. बाकीचे तीनही पर्याय म्हणजे एकेक पायरी चुकवल्यावर येणारी उत्तरं आहेत. पेपर काढणाऱ्याने ते विचार करून ठेवलेले असतात.

म्हणून जुने पेपर सोडवताना गुण मोजण्यापेक्षा प्रत्येक घटनाप्रश्नापुढे वहीत साखळी लिहावी: अनुच्छेद ११६, मग कलम १२, मग कलम ४. चूक झाली तर ती कोणत्या प्रकारची, हेही नोंदवावं. कलम सापडलंच नाही, की सापडूनही घटनेला नीट लावता आलं नाही? पहिल्या चुकीवर उपाय म्हणजे प्रत्येक कायद्याची सुरुवातीची कलमसूची पुन्हा पुन्हा वाचणं. परीक्षेत कोरंच पुस्तक असल्याने वाट डोक्यातच असावी लागते. दुसऱ्या चुकीला वाचून उपयोग नाही. तीच घटना एक तपशील बदलून पुन्हा सोडवावी. नक्कल उशिरा मागितली तर? अपील उच्च न्यायालयात असतं तर? तिथे त्याच अनुच्छेदात नव्वद दिवस आहेत.

वेळेचं गणितही कठोर आहे. २१० मिनिटांत शंभर प्रश्न, म्हणजे प्रत्येकी दोन मिनिटांच्या किंचित वर. प्रत्येक उत्तर पुस्तकात पडताळू गेलं तर पेपर संपतच नाही. पहिल्या फेरीत पुस्तक बंद ठेवून येणारं सगळं सोडवावं आणि घटनाप्रश्नांसाठी वेळ राखून ठेवावा.

जुन्या पेपरांचा एक धोकाही आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. नुसता कलमांचा तक्ता पाठ केला, म्हणजे ३७९ ऐवजी ३०३, तर काम भागत नाही. समजा, पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने ४,८०० रुपयांची वस्तू चोरली आणि ती परत केली. जुन्या उत्तरसूचीत तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही एवढंच सापडेल. कलम ३०३ मात्र पाच हजारांहून कमी किमतीच्या, वस्तू किंवा तिची किंमत परत केलेल्या अशा पहिल्या चोरीला सामुदायिक सेवेची शिक्षा सांगतं. म्हणून २०२४ च्या आधीचा फौजदारी पेपर सोडवताना जुनी उत्तरसूची बाजूला ठेवावी आणि प्रत्येक घटनेचं उत्तर नव्या पुस्तकातून स्वतः काढावं.