सातबाऱ्याचा उतारा वाचावा कसा?

जमिनीचा व्यवहार ठरू लागला की 'सातबारा कोरा आहे' हे वाक्य हमखास कानी पडते. ते ऐकून पुष्कळ मंडळी मालकाच्या नावाकडे एक नजर टाकतात आणि इसाराची रक्कम हाती देऊन मोकळी होतात. परंतु ह्या कागदातील महत्त्वाचा मजकूर नावाच्या रकान्यात नसून त्याच्या शेजारी असतो. तो कसा वाचावा, ते एका नमुन्याच्या आधारे पाहू.

सातबारा हे एका कागदाचे नाव नव्हे. महाराष्ट्रात गावच्या महसुली दप्तराला क्रमांकवार नमुने आहेत. त्यांतील नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक. जमीन कोणाची व तिच्यावर कोणाचा काय हक्क, हे त्यात असते. नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. दोहोंचा उतारा एकत्र मिळतो, म्हणून तो सातबारा. गुजरातेतही हेच नाव चालते. गोव्यात ह्याच कामाचा उतारा नमुना एक व चौदा म्हणून ओळखला जातो. नावे निराळी असली तरी वाचण्याची रीत बरीचशी सारखीच आहे.

समजा, आपल्याला गट क्रमांक २१४ दाखविण्यात आला. विकणारा गृहस्थ म्हणतो, "चार एकर बागायत आहे, मालक मीच." आता उतारा उघडा.

प्रथम क्षेत्र पाहा. उताऱ्यावर एकर नसतात. हेक्टर व आर असतात. शंभर आर म्हणजे एक हेक्टर, आणि एक एकर म्हणजे सुमारे साडेचाळीस आर. येथे एकूण क्षेत्र १ हेक्टर ६२ आर लिहिले आहे, म्हणजे चार एकर बरोबर भरले. पण त्याखाली दोन आकडे निराळे दिलेले आहेत: लागवडीयोग्य क्षेत्र १ हेक्टर ५५ आर आणि पोटखराब ७ आर. पोटखराब म्हणजे ओढा, खडक, वाट अशा कारणाने पिकाबाहेर धरलेली जमीन. म्हणजे नांगराखाली येणारी भुई चार एकरांहून सुमारे सात गुंठ्यांनी कमी आहे.

त्याच ठिकाणी भूधारणा पद्धती दिलेली असते. 'भोगवटादार वर्ग १' असे असेल तर जमीन हस्तांतरित करण्यास सरकारी परवानगी सहसा लागत नाही. 'वर्ग २' असेल तर ती जमीन अटींवर दिलेली आहे, आणि त्या अटी पाहिल्याखेरीज व्यवहार करू नये. आपल्या गटाला वर्ग १ आहे. येथवर सारे ठीक.

आता नावे पाहू. विकणारा 'मालक मीच' म्हणाला होता. परंतु ह्या रकान्यात तीन नावे आहेत: तो, त्याचा धाकटा भाऊ आणि त्यांची आई. खाते एकच असून क्षेत्र सामाईक आहे. वर वडिलांचे नाव आहे, पण त्यावर आडवी रेघ ओढलेली आहे. रेघ म्हणजे रद्द झालेली नोंद. जुन्या हस्तलिखित उताऱ्यांत अशा नोंदीस कंस करीत. नावांजवळ १०४२ हा आकडा आहे. तो फेरफार क्रमांक होय, आणि सगळ्या उताऱ्याची किल्ली त्यातच आहे.

जमिनीच्या हक्कांत बदल झाला की तलाठी, ज्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, नमुना सहा ह्या फेरफार नोंदवहीत नोंद करतात. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्यानंतरच बदल सातबाऱ्यावर चढतो. सातबारा निष्कर्ष सांगतो. कारण फेरफारात असते. १०४२ ची नक्कल काढली तर वडिलांच्या मृत्यूनंतरची वारसनोंद दिसते, आणि तीत चौथे नाव आढळते: विवाहित बहिणीचे.

ती बहीण मालकांच्या रकान्यात नाही. ती आहे 'इतर अधिकार' ह्या रकान्यात. मुलींची नावे तेथे लिहिण्याची चाल फार वर्षे होती. पण नाव बाजूस लिहिल्याने वारसा नाहीसा होत नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आहे. म्हणून खरेदीखतावर दोघे भाऊ, आई आणि बहीण ह्या चौघांच्या सह्या हव्यात, अथवा बहिणीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलेले असावे. अन्यथा उद्याचा दावा आपल्या दारी येईल.

ह्याच रकान्यात कर्जाचे बोजे असतात. आपल्या उताऱ्यात गावच्या सोसायटीचा ₹ १,५०,००० चा बोजा असून त्यापुढे १३१० हा फेरफार क्रमांक आहे. सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ प्रमाणे सभासद आपल्या जमिनीवर असा बोजा लिहून देतो, आणि कर्ज व व्याज पुरते फिटेपर्यंत त्याला ती जमीन विकता येत नाही. विकणारा म्हणतो, "ते तर केव्हाच फेडले." हे खरेही असू शकेल. पैसे भरल्याने नोंद आपोआप उतरत नाही. संस्थेचा बेबाकी दाखला घेऊन अर्ज करावा लागतो, पुन्हा फेरफार होतो, आणि मगच बोज्यावर रेघ पडते. म्हणून पावती पाहून समाधान मानू नये. रेघ पडलेला नवा उतारा मागावा. उताऱ्याच्या तळाशी प्रलंबित फेरफार दर्शविलेला असतो. तेथे एखादा क्रमांक दिसला तर कुठलातरी बदल वाटेवर आहे, कदाचित दुसऱ्या कोणाची खरेदीही, असे समजून आधी तो पाहावा.

आता नमुना बारा. विकणाऱ्याने 'बागायत' म्हटले होते. तीन वर्षांच्या नोंदींत खरिपात सोयाबीन आहे आणि तेही अजलसिंचित ह्या सदरात. रब्बीत पहिल्या वर्षी वीस आर हरभरा, पुढे दोन्ही वर्षे पड. सिंचनाचे साधन विहीर लिहिले आहे. पण रब्बीत पड पडणारी जमीन त्या विहिरीच्या पाण्याविषयी बरेच सांगून जाते. 'इतर अधिकार' पाहिला तर त्या विहिरीत शेजारच्या गटाचाही हिस्सा आहे. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाईलवरून छायाचित्रासह पीक नोंदवितात. नोंद करायची राहिली तरी रकाना रिकामा राहतो, म्हणून कोऱ्या वर्षाचा अर्थ शेतावर जाऊनच लावावा.

एक मर्यादा मात्र ध्यानात असू द्या. सातबारा हा मुख्यतः महसुली अभिलेख आहे. प्रमाणित नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. पण त्यामुळे ती मालकीचे खत ठरत नाही. ज्याची नोंद कोणी केलीच नाही, असे गहाण किंवा करार त्यात दिसणार नाहीत. त्यासाठी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातील नोंदींचा शोध घ्यावा. उताराही विकणाऱ्याच्या हातून घेऊ नये. महाभूमी संकेतस्थळावर अंकीय स्वाक्षरीचा उतारा अल्प शुल्कात मिळतो. तो स्वतः काढावा, आणि खरेदीखताच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा काढावा. दोन्ही उतारे शेजारी ठेवून शेवटचा फेरफार क्रमांक ताडून पाहा. तो बदललेला असेल तर सही करण्यापूर्वी त्या क्रमांकाची नक्कल वाचा.