डिसेंबरात दिसलेली पालखी

मूत्राशयात तुंबलेली पाऊण लिटर लघवी माणसाला आषाढी वारीची पालखी मार्गशीर्षात दाखवू शकते. ऐकायला अजब वाटतं, पण वृद्धांच्या वॉर्डात काम करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला याचं नवल वाटणार नाही. बिघाड पोटात असतो आणि तो पहिल्यांदा दिसतो बोलण्यात, नजरेत, भानात. नातेवाईक म्हणतात, "वय झालं, आता डोकं चालत नाही." तिथेच मोठा घोटाळा होतो.

एक उदाहरण घेऊ. ही कुणा एका बाईची हकीकत नाही. वॉर्डात वारंवार दिसणाऱ्या अनेक हकीकतींचे धागे जोडून ती रचली आहे. यवतच्या एक आजी, वय 76. अंगणात पाय घसरला आणि खुबा मोडला. पुण्यातल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, ती नीट पार पडली. पहिल्या दिवशी आजी सुनेला घरातल्या म्हशीच्या धारेबद्दल विचारत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपासून त्या गप्प झाल्या. हाक मारली की डोळे उघडायच्या, दोन शब्द बोलायच्या आणि पुन्हा ग्लानीत जायच्या. रात्री मात्र उठून बसायची धडपड सुरू झाली. "पीठ मळा, पालखी आली. दिंड्या दारात उभ्या हायेत आणि अजून पिठलं टाकलं न्हाई!" तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आणि वारकऱ्यांसाठीची पिठलं-भाकरी यवतच्या माणसाच्या हाडीमाशी मुरलेली. त्यामुळे भास झाला तोही त्याच गावचा झाला. सकाळी आजी पुन्हा शांत. मुलगा म्हणाला, "आईला विसरायला व्हायला लागलंय." शेजारच्या खाटेजवळचं कुणीतरी म्हणालं, "म्हातारचळ."

सून मात्र सिस्टरला एवढंच म्हणाली, "आत्या परवापर्यंत अशा नव्हत्या ओ."

निदान या एका वाक्यात आहे. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, महिन्या-वर्षांच्या चालीने येतो. आधी ठेवलेल्या वस्तू सापडत नाहीत, मग पैशांचा हिशेब चुकतो, मग ओळखीची वाट परकी होते. बऱ्याच काळापर्यंत माणूस पूर्ण जागा असतो, समोर बसून ऐकतो, आठवत मात्र नाही. डेलिरियम, म्हणजे भान हरपून होणारा गोंधळ, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो. त्यात आधी ढासळतं ते लक्ष. माणूस एका धाग्यावर टिकत नाही. शिवाय त्यात चढउतार असतो. सकाळी बरं, दुपारी झोपाळलेलं, रात्री सैरभैर. सकाळच्या राउंडला डॉक्टर दोन मिनिटं बोलून गेले तर त्यांना आजी ठीकच वाटतील. चोवीस तास उशाशी बसणाऱ्याला जे दिसतं, ते त्यांना दिसत नाही.

हे तपासायला यंत्र लागत नाही. एडिंबरामध्ये तयार झालेली 'फोर-एटी' नावाची चाचणी आता जगभर वापरली जाते. ती दोन-चार मिनिटांत होते आणि तिचे चार भाग आहेत. पहिला भाग, माणूस किती जागा आहे. आजी बोलता बोलता ग्लानीत जात होत्या, म्हणून 4 गुण. दुसऱ्या भागात वय, जन्मतारीख, ठिकाण आणि साल विचारतात. आजींना आपण कुठे आहोत हे सांगता आलं नाही आणि सालही सांगता आलं नाही, म्हणून 2. तिसरा भाग लक्षाचा, त्यात महिने उलटे म्हणायचे असतात. आजींना चैत्र-वैशाख तोंडपाठ. "फाल्गुन," त्या म्हणाल्या, "माघ..." मग थांबल्या, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माघात ऊस तोडायचा राहिलाय." पुन्हा विचारलं तर पहिल्यापासून "चैत्र, वैशाख" सुरू केलं. सात महिने उलटे आले नाहीत, म्हणून 1. चौथा भाग, बदल अचानक झाला का, कमी-जास्त होतो का. सुनेच्या साक्षीवर 4. एकूण 11. चार किंवा त्याहून जास्त गुण आले की डेलिरियम धरून पुढचा शोध सुरू करायचा.

इथे आपल्याकडची एक खबरदारी घ्यावी लागते. खेड्यातल्या कितीतरी वृद्धांना स्वतःची जन्मतारीख कधीच माहीत नसते, आणि शाळा न पाहिलेल्या माणसाला महिने उलटे म्हणण्याची सवय नसते. म्हणून नुसत्या चुकांवर निकाल लावता येत नाही. सगळ्यात जास्त वजन असतं जागेपणाला आणि "आधी असं नव्हतं" या साक्षीला. आपल्या रुग्णालयांत घरचं माणूस खाटेपाशी असतंच. तपासणीचा सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे हे घरचं माणूस. फक्त त्याला कुणीतरी विचारायला हवं.

डेलिरियम ठरला की प्रश्न एकच उरतो, कशामुळे? ऑक्सिजन, साखर, नाडी, रक्तदाब, ताप हे सगळं पाच मिनिटांत खाटेपाशीच बघता येतं. आजींचं हे सगळं ठीक होतं. मग पोटावर हात ठेवला तर बेंबीखाली घट्ट फुगवटा लागला. लघवीची नळी आदल्या दिवशी सकाळी काढली होती, आणि त्यानंतर लघवी झालीच नव्हती. नळी पुन्हा घातली तेव्हा साडेसातशे मिलीलिटर निघाली. औषधांचा कागद पाहिला, तर आदल्या दिवशी सकाळी अंगाला खाज सुटली म्हणून अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन दिलेलं. रक्तात सोडियम 126 निघालं, जे 135 ते 145 असायला हवं. घरी रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती, आणि दोन दिवस जेवण जवळजवळ नव्हतंच.

त्या इंजेक्शनाची गोष्ट थक्क करणारी आहे. मेंदूत लक्ष टिकवून धरण्याचं काम ज्या रसायनांवर चालतं, त्यांतलं एक मुख्य रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. मूत्राशयाचा स्नायू आवळून लघवी बाहेर ढकलण्याचा निरोपही हेच रसायन पोचवतं. खाजेची आणि सर्दीची बरीच जुनी औषधं या निरोपाची वाट अडवतात. तिशीतल्या माणसाला त्याने फार तर गुंगी येते. शहात्तरीत, मोडलेल्या खुब्याच्या वेदनेत आणि उतरलेल्या सोडियममध्ये, तेच इंजेक्शन एकाच वेळी मूत्राशय बंद पाडतं आणि भान घालवतं. तुंबलेल्या मूत्राशयाची कळ मग त्या भानावर आणखी घाव घालते. साधारणपणे असंच घडतं. एका कारणाने नाही, तर तीन-चार लहान कारणांनी मिळून वृद्ध मेंदू कोलमडतो. म्हणून एक कारण सापडलं की शोध थांबवायचा नसतो. वृद्ध स्त्रियांच्या लघवीत कोणताही त्रास नसतानाही जंतू सापडतात. रिपोर्टमध्ये जंतू दिसले म्हणून अँटिबायोटिक सुरू करून मोकळं झालं, तर खरं कारण तसंच राहू शकतं.

हा नुसता मनाचा खेळ नाही, हे अमेरिकेतल्या जॉर्ज एंगेल आणि जॉन रोमॅनो या दोन डॉक्टरांनी दाखवून दिलं. डेलिरियममध्ये गेलेल्या रुग्णांच्या मेंदूलहरींचे आलेख त्यांनी काढले. बहुतेकांमध्ये लहरी मंदावलेल्या होत्या. कारण कोणतंही असो, भान जितकं हरपलेलं तितक्या लहरी मंद, आणि मूळ बिघाड सुधारला की लहरी पुन्हा वेग धरत. 1959 मध्ये त्यांनी मांडलं की हृदय किंवा मूत्रपिंड अपुरं पडतं तसाच इथे मेंदू अपुरा पडतो. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के, पण ऑक्सिजन वापरतो सुमारे वीस टक्के. शरीरात कुठेही ओढाताण झाली की त्याला ती लगेच जाणवते.

अचानक आलेला गोंधळ ही तातडीची बाब आहे ती यामुळे. वृद्धांमध्ये न्यूमोनिया खोकल्याशिवाय, तापाशिवाय येऊ शकतो. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता येऊ शकतो. मधुमेहाच्या गोळीने साखर खाली गेली तर घामही न येता माणूस नुसता असंबद्ध बोलू शकतो. अशा वेळी गोंधळ हीच पहिली खूण असते, कधी कधी तेवढीच. आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाकडे सगळे धावतात. धोका जास्त असतो तो गप्प पडून राहणाऱ्यांना, कारण "आज शांत झोपल्यात" म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही. आजी दुपारी गप्प झाल्या तेव्हाच आजार सुरू झाला होता. पालखी रात्री आली.

उपचार म्हणजे कारणं दूर करणं. आजींची लघवी मोकळी केली, ते इंजेक्शन बंद केलं, रक्तदाबाची गोळी बदलली, वेदनेवर नेमाने औषध दिलं. सोडियम मुद्दाम सावकाश वाढवलं, कारण एका दिवसात ते फार चढलं तर मेंदूलाच इजा होते. बाकीचं काम सुनेने केलं. चष्मा लावला, कवळी बसवली, दिवसा खिडकी उघडी ठेवली, खाटेवरून खुर्चीत बसवायला मदत केली, रात्री दिवा मंद केला. पालखीचं बोलणं निघालं की वाद घातला नाही आणि हो ला होही केलं नाही. "आत्या, तुम्ही पुण्यात दवाखान्यात आहात, मी इथंच हाये," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिली. या साध्या गोष्टींचा उपयोग मोजून पाहिलेला आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या रुग्णालयात शॅरन इनोय यांनी 852 वृद्धांवर केलेला अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या वॉर्डात 15 टक्के रुग्णांना डेलिरियम झाला. चालवणं, झोप, पाणी, चष्मा, श्रवणयंत्र यांची नेमाने काळजी घेतलेल्या वॉर्डात हे प्रमाण 9.9 टक्के राहिलं. हात बांधून ठेवल्याने मात्र धडपड वाढते, आणि झोपेच्या गोळीने बहुधा गोंधळ आणखी गडद होतो. शांत करणारं औषध रुग्णाला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असेल तेव्हाच, थोड्या मात्रेत आणि डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायचं असतं.

चौथ्या दिवशी आजींनी म्हशीची चौकशी केली. सगळ्यांचं इतक्या लवकर सावरत नाही. काहींना आठवडे लागतात आणि काही पूर्वीसारखे होतच नाहीत. ज्यांना आधीच स्मृतिभ्रंश आहे त्यांना डेलिरियम होण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो, आणि डेलिरियम होऊन गेलेल्यांत पुढे स्मृतिभ्रंश जास्त दिसतो. त्यामुळे "ह्यांचं आधीपासूनच असं आहे" हे उत्तर कधीच पुरेसं नाही. आधी होतं त्यापेक्षा आज वेगळं आहे का, हे विचारायचं. स्मरणशक्तीची कायमची चिठ्ठी मात्र डेलिरियम चालू असताना कुणी लिहू नये. माणूस सावरल्यावर, काही महिन्यांनी पुन्हा तपासून मग ठरवावं.

तुमच्या घरातलं वयस्क माणूस काल नीट होतं आणि आज असंबद्ध बोलतंय किंवा विनाकारण पेंगतंय, तर उद्याची वाट बघू नका. घरी असाल तर 108 ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात त्याच दिवशी न्या. चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घ्या, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्याही घ्या. वॉर्डात असाल तर सिस्टरला आणि डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट सांगा: नेहमी कसे असतात, बदल कधीपासून झाला, आणि शेवटची लघवी कधी झाली. कुणी "वयामुळे होतं" म्हणालं तर पुन्हा सांगा. वयामुळे माणूस एका रात्रीत बदलत नाही.